आभाराचे नव्वद सेकंद

निरोप समारंभाच्या फोटोफितीवर वाजवायला शेवटच्या वर्षाच्या एका मुलाने आभाराचं भाषण लिहिलं. चारशे शब्दांचं. फीत मात्र दीड मिनिटाची. तीस फोटो, प्रत्येकी तीन सेकंद. ऐकणाऱ्याला कळेल असं बोलायचं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपुढे जाता येत नाही. म्हणजे दोनशेहून जास्त शब्द कापणं आलं.

पण कापणार कुणाला? 'आदरणीय'पासून सुरू होणारी यादी (संस्थाचालक, प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख) एकटीच चाळीस सेकंद खाते. तिला हात लावायची छाती नव्हती, अंतर्गत गुण अजून यायचे होते. मग उडाले ते परीक्षेच्या आदल्या रात्री दुकान उघडं ठेवणारे झेरॉक्सवाले काका आणि उधारीवर चहा देणाऱ्या मावशी. खरे आभार त्यांचेच होते.

रेकॉर्डिंग हॉस्टेलच्या खोलीत झालं, पंखा बंद करून, डोक्यावर रजई घेऊन. हसू नका, भिंतींचा घुमारा रजई खरोखर पिऊन टाकते. घोळ पुढे झाला. भाषणाखाली गाणं लावलं, तेही शब्दांचं आणि पूर्ण आवाजात. गायक आणि हा एकदमच बोलू लागले. बिनशब्दांची धून, बोलण्याच्या वेळी खाली उतरवलेली, एवढंच पुरलं असतं.

यादी कुणाला ऐकूच आली नाही. गाणं क्षणभर थांबलं तेव्हा 'ज्यांनी आम्हाला घडवलं' एवढं स्पष्ट ऐकू आलं, आणि पडद्यावर नेमका कॅन्टीनचा वडापाव होता. सगळ्यात मोठ्या टाळ्या तिथेच पडल्या.