उताऱ्यात रिझर्व्ह बँक नव्हती

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटमध्ये पास व्हायला 200 पैकी 66 गुण पुरतात. तरी अभ्यासिकेतली शहाणी मुलं या पेपरला टरकून असतात, कारण त्यातले उतारे. त्यातही अर्थशास्त्राचा उतारा आला की ज्याला अर्थशास्त्र येत नाही तो घाबरतो आणि ज्याला येतं तो चुकतो.

माझा भाचा एम.कॉम. आहे, म्हणजे दुसऱ्या जातीचा. परवा त्याच्या सराव पेपरात उतारा होता: ‘वर्षभरात महागाईचा दर 6 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला. त्याच वर्षी ग्रामीण मजुरी 3 टक्क्यांनी वाढली.’ यातून काय निष्कर्ष निघतो? पहिला पर्याय, वस्तू स्वस्त झाल्या. दुसरा, महागाई रिझर्व्ह बँकेच्या लक्ष्यावर आली. तिसरा, मजुराची क्रयशक्ती घटली. चौथा, शहरात मजुरी जास्त वाढली.

पठ्ठ्याने डोळे मिटून दुसरा पर्याय ठोकला.

“मामा, 4 टक्के हेच तर लक्ष्य आहे!”

“आहे ना. पण उताऱ्यात रिझर्व्ह बँक आहे कुठे?”

“तिच्याशिवाय महागाईवर कुणी बोलतं का?”

हीच तर मेख आहे. पर्याय जगात खरा असून भागत नाही, तो उताऱ्यातून निघावा लागतो. कोणत्या वाक्यातून निघाला ते बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर तो आपल्या डोक्यातून आलाय असं खुशाल समजावं. पहिल्या पर्यायाला अर्थशास्त्र न येणारे फसतात. दर उतरला म्हणजे भाव उतरले नाहीत, ते चढायचे फक्त दमाने चढू लागले. 100 रुपयांचा किराणा 104 चा झाला आणि 100 रुपये मजुरी 103 झाली, तर वाढीव पगार घेऊनही एक रुपया कमीच पडतो. म्हणून तिसरा. चौथ्याबद्दल काय बोलावं? उताऱ्यात शहरच नाही.

विज्ञानाच्या उताऱ्यात हाच खेळ उलट्या बाजूने चालतो. तिथे ‘विकरां’सारखे शब्द बघूनच धडकी भरते. मी सांगतो, विकराला ‘क’ म्हण आणि पुढे चल. उतारा म्हणतो, ‘क’मुळे प्रक्रिया वेगाने होते. पर्याय म्हणतो, ‘क’शिवाय प्रक्रिया होतच नाही. वेगाने होणं आणि मुळात होणं यांतलं अंतर पकडायला प्रयोगशाळा लागत नाही.

भाच्याला हे काही पटलं नाही. त्याने रेपो दराच्या हवाल्यासकट चार पानी हरकत लिहून क्लासच्या सरांना दिली. सरांनी ती मन लावून वाचली आणि म्हणाले, “उत्तम लिहिलंयस. हे मुख्य परीक्षेला लिही.”