उशिराचा एकोळी निरोप

चालू असलेल्या ऑनलाइन मीटिंगला उशिरा येत असल्याच्या निरोपात तीन गोष्टी असतात: कारण, वेळ आणि ‘सॉरी’. कारण बहुधा खरे असते. वेळ कधीच खरी नसते. ‘सॉरी’मागे मात्र आपल्यावाचून मीटिंग अडून बसली आहे, ही पाठवणाऱ्याची सुखद समजूत असते.

निरोप कुठे टाकायचा हा पहिला प्रश्न. गूगल मीटच्या चालू कॉलमधल्या चॅटमध्ये लिहायला बहुधा आधी आत जावे लागते, आणि आत गेलेल्याने ‘उशीर होतोय’ लिहिणे जरा अवघड. म्हणून निरोप टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. तिथेही धोका आहे. स्क्रीन दाखवणाऱ्याच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडे असेल, तर तो निरोप साहेबांच्या आलेखावर, कोपऱ्यात का होईना, सर्वांसमक्ष झळकतो.

कारणाचे उदाहरण म्हणून चिखली तालुक्यातली उंद्री घ्यावी. गावी राहून पुण्याच्या कंपनीचे काम करणारा माणूस लिहितो, ‘उंद्रीत लाईट गेली, ५ मिनिटांत येतो.’ पुण्यालाही एक उंद्री आहे, कोंढव्याच्या पलीकडची, टोलेजंग इमारतींची. सहकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तीच येते. तिथलाच एकजण लगेच लिहितो, ‘माझ्याकडे तर आहे!’ मग बुलढाणा जिल्हा, तालुका चिखली, असा भूगोल समजावण्यात पाचातली तीन मिनिटे जातात. त्यावर कोणीतरी विचारतो, ‘म्हणजे शेगावजवळ का?’ जिल्ह्यातले कुठलेही गाव पुणेकराला शेगावजवळच असते. समजावणारा ‘हो, तसंच’ म्हणतो आणि मनात चरफडतो. गाव सांगावे लागण्यापेक्षा ते चुकीचे समजून घेतले जाण्याचा त्रास जास्त, हे मीटिंगच्या वृत्तांतात येत नाही.

लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर जिवंत राहतो, पण वायफायचा राउटर बंद पडतो. माणूस मोबाइलच्या डेटावर येतो. त्याच वेळी गावातले सगळेच डेटावर येतात, आणि व्हिडिओ थिजतो. एका ओळीच्या मजकुराला मात्र फारशी रेंज लागत नाही, म्हणून ‘रेंज नाही’ हा निरोप व्यवस्थित पोहोचतो आणि संशय वाढवतो. तोही अडकला, तर त्याच्या शेजारी छोटे घड्याळ दिसते. एक टिक आली की निरोप निघाला, दोन आल्या की पोहोचला. घड्याळ न पाहता फोन खिशात टाकणाऱ्याचा निरोप कधीकधी त्याच्या मागून मीटिंगला येतो.

वेळ लिहिताना ‘५ मिनिटे’ऐवजी ‘११:२५ ला’ असे लिहावे. लाईट कधी येईल हे ठाऊक नसेल, तर ‘माझा मुद्दा शेवटी घ्या’ एवढे पुरते. आत आल्यावर माइक बंद ठेवावा आणि मागचे काय झाले ते एकालाच खाजगीत विचारावे, कारण आधीचे चॅट उशिरा आलेल्याला मीटमध्ये दिसेलच असे नाही. प्रत्यक्षात बहुतेकजण मोठ्याने ‘सॉरी, लाईट गेली होती’ म्हणतात. त्यावर कोणीतरी विचारतो, ‘अरे, तू नव्हतास का?’