पहिला बाक, उजवीकडचा

पालकांनी बाईंना लिहायच्या चिठ्ठ्यांचं एक ठरलेलं वाङ्मय आहे. ताप येऊन गेला, आत्याचं लग्न आहे, वही रिक्षात राहिली. विषय कुठलाही असो, शेवट ‘तरी सांभाळून घ्यावे’ असाच. त्यातही लोकप्रिय प्रकार पहिल्या बाकाचा. कुणाचं बाळ बुटकं, कुणाचं लाजाळू, कुणाचे चिरंजीव मागे बसले की बिघडतात. पहिले बाक मात्र तीनच. या गर्दीत ‘मुलाला फळ्यावरचे दिसत नाही’ एवढंच लिहिलं, तर बाई साहजिकच विचारणार, ‘चष्मा नाही का लावला?’

चष्मा आहे. जन्मल्यापासून आमच्या लेकाची बुबुळं निरंजनातल्या ज्योतीसारखी हलत असतात. वारा कुठून येतो, ते कळत नाही. डॉक्टर याला निस्टॅग्मस म्हणतात. चष्म्याने नंबर भागतो, हलणं थांबत नाही, म्हणून चष्मा लावूनही त्याची नजर ६/२४. फळ्यावरचं जे अक्षर बाकीच्यांना आठ मीटरवरून जेमतेम वाचता येतं, ते वाचायला याने दोन मीटरवर यायला हवं. वर्गात दोन मीटर म्हणजे पहिला बाक, आणि तोही फळ्याच्या जवळचा. लहानपणी मी त्याला विचारलं होतं, ‘तुला सगळं हलताना दिसतं का रे?’ तो माझ्याकडे अशा दयेने पाहत राहिला, की हलतं ते माझंच काहीतरी असावं. जन्मापासून असं असलं, की मेंदू जग स्थिर धरून ठेवायला शिकतो म्हणे. ज्या भूकंपाची आम्ही एवढी काळजी वाहतो, त्याची बातमी भूकंपाच्या केंद्रापर्यंत पोचलेलीच नाही.

पण चिठ्ठीचं खरं अवघड कलम पुढेच आहे. या मुलांना बहुतेक वेळा एखादी दिशा अशी सापडते, की तिकडे पाहताना बुबुळं शांत होतात. आमच्या घरची दिशा डावी. म्हणून तो तोंड उजवीकडे वळवतो आणि डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यातून समोरचं पाहतो. त्याच्या आजीला यात मुरलीधर दिसतो, शेजाऱ्यांना खोडकरपणा, आणि मागच्या वर्षीच्या बाईंना बेशिस्त दिसायची. ‘मान सरळ कर, मग दिसेल’ असं त्या रोज सांगत. तो आज्ञाधारक असल्याने मान सरळ करायचा, आणि मग खरोखरच काही दिसायचं नाही. तेव्हा चिठ्ठीत लिहायचं ते असं, की पहिला बाक नुसता नको, फळ्याकडे तोंड केल्यावर उजव्या हाताचा हवा. तिथून फळा आपोआप डावीकडे येतो आणि मान बिचारी निम्मी तरी सरळ राहते. आता दर सोमवारी बाक फिरवण्याची पद्धत आहे, सगळ्यांना सगळीकडे बसता यावं म्हणून. त्या लोकशाहीतून एका मुलाला वगळा, असं कोणत्या तोंडाने लिहावं, यावर माझा एक रविवार गेला.

दुसरी विनंती जागेची नव्हतीच. बाईंनी फळ्यावर लिहिताना तोंडाने म्हणत लिहावं आणि उतरवून घ्यायला त्याला थोडा जास्त वेळ द्यावा. कारण घाई केली, धडधडलं, की बुबुळं आणखी जोरात हलतात. ‘लवकर लिही’ म्हणण्याने लिहिणं मंदावतं, असं हे उलटं यंत्र आहे. हे वाक्य मी बाईंना शिकवल्यासारखं वाटू नये म्हणून तीनदा खोडलं, आणि खोडाखोड पाहून आमची ही म्हणाली, ‘आता ही चिठ्ठी वाचायला बाईंनाच पहिल्या बाकावर बसावं लागेल.’

अखेर ‘आदरणीय बाईंस, स.न.वि.वि.’ करून चिठ्ठी पुरी झाली. लेकाला वाचून दाखवली. त्याने मान वळवून ऐकली आणि एकच दुरुस्ती सुचवली: शेजारी त्याचा मित्र हवा. हा मित्र वर्गात सगळ्यांत उंच, हक्काचा शेवटच्या बाकावरचा. पण म्हणे फळ्यावरचं राहिलं तर तो वही पुढे सरकवतो, आणि न विचारता सरकवतो. माझ्या पानभर मजकुरात याच्याइतकं उपयोगाचं काही नव्हतं, म्हणून तेही कलम ताजा कलम म्हणून खाली घातलं.

चिठ्ठी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी डायरीत बाईंचं टपोरं, दोन मीटरवरूनही वाचता येईल असं अक्षर होतं. ‘उजवीकडचा पहिला बाक कायमचा दिला आहे. उंच मित्रास भिंतीच्या कडेला बसवले आहे, म्हणजे मागच्यांना फळा दिसेल. मान वाकडी चालेल. तोंड मात्र दोघांचेही बंद असावे, कालपासून ते एकदाही झालेले नाही. पालकांनी सही करावी.’