तात्काळ भाऊसाहेब

तातडीचं पत्र लिहायला बसलेला रत्नागिरीकर एकतर भांडण काढतो, नाहीतर साष्टांग नमस्कार घालतो. मधलं काही त्याला येत नाही. मधलं ज्याला येतं तो माणूस बहुधा एखाद्या पडवीत झोपाळ्यावर बसलेला असतो. जयस्तंभाजवळच्या कुठल्यातरी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस घरात कोणीही असो, आळीत ‘भाऊसाहेब’ असतो. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळ्याने लिहिलेलं कोणी फारसं पाहिलेलं नाही.

भाऊसाहेब पेपर वाचत नाहीत, तपासतात. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांआधी तारीख शोधतात. सार्वजनिक नळाजवळ कोणी ‘पाणी जपून वापरा’ असा कागद चिकटवला, तर खाली लाल पेनाने लिहून येतात : ‘कोणी? कधीपर्यंत? सही?’ त्यांच्या मते जगात दोनच प्रकारचे कागद असतात, ज्यांवर काय करायचं ते कळतं आणि ज्यांवर फक्त दुःख कळतं.

बोलण्यात मात्र हा मनुष्य कमालीचा फटकळ. ‘मेल्या’ या शब्दाशिवाय त्यांना कोणाचं स्वागत करता येत नाही. दुपारी चारला आतल्या दिशेने ते ओरडतात, “चहा आज मिळणार की पुढच्या आर्थिक वर्षात?” आतून उत्तर येतं, “विषय समजला. साखरेचा डबा रिकामा आहे, हा संदर्भ जोडा.” घरात त्यांचं एवढंच चालतं. म्हणूनच की काय, त्यांची सगळी नजाकत कागदावर उतरते.

परवाच्या मे महिन्याच्या अखेरीस आळीतला एक मुलगा मोबाईल पुढे धरून त्यांच्या पडवीत आला. त्याचं आमरस डबाबंद करायचं छोटं युनिट आहे. 3.1 किलोचे डबे भरतो. लेबलं छापायला कोल्हापूरला दिली होती, 4,000 नग, आणि ती आलेली नव्हती. छापखान्याला पाठवायच्या ई-मेलचा मसुदा त्याने तयार केला होता. विषयाच्या ओळीत होतं : ‘अतिअर्जंट!!! लेबलं अजून आली नाहीत!!!’ आणि खाली पहिलं वाक्य : ‘आपणांस तीन वेळा फोन करूनही आपण दाद देत नाही, आंबा कोणासाठी थांबत नाही, आमचं नुकसान झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.’

भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “मेल्या, हे पत्र आहे की नोटीस? नोटीस असेल तर वकिलाकडे जा, माझ्याकडे कशाला आलास?”

मुलगा हुशार होता. त्याच्याकडे दुसरा मसुदाही होता, वडिलांनी सांगितलेला. त्याचा विषय ‘लेबलांबाबत’ असा होता. सुरुवात : ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, आपले व आमचे अनेक वर्षांचे स्नेहसंबंध लक्षात घेता...’ मागणी चौथ्या ओळीत होती आणि तारीख कुठेच नव्हती.

“पहिल्यात तो चिडेल,” भाऊसाहेब म्हणाले, “आणि दुसऱ्यात तो झोपेल. दोन्हीत लेबलं कोल्हापुरातच.”

इथे भाऊसाहेबांना थिबा राजा आठवतो. तो त्यांना नेहमीच आठवतो. ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा 1886 मध्ये रत्नागिरीत आला, 1916 मध्ये इथेच वारला, आणि मधल्या काळात सरकारकडे अर्ज करत राहिला. राजवाडा पुरा व्हायला 1910 उजाडलं. भाऊसाहेबांचं ठाम मत आहे की अर्जाच्या पहिल्या ओळीत मागणी आणि मुदत असती तर राजवाडा दहा वर्षं आधी झाला असता. साम्राज्याचं राजकारण, पैसा, पहारा हे सगळं त्यांच्या लेखी तपशिलात जातं. हे मत मला कधी पटलेलं नाही. पण त्यांच्या पडवीत बसून त्यांच्याशी वाद घालणारा अजून जन्मायचा आहे.

दुसरा आधार ते कायद्याचा देतात. 2005 च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्यातलं कलम 10 त्यांना झोपेत विचारलं तरी येतं. साधी फाईल एका टेबलावर साधारणपणे कामकाजाचे 7 दिवस, तातडीची 4 दिवस, आणि तात्काळ असेल तर शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कचेरीत याचा परिणाम काय झाला तेही ते सांगतात. जो तो फाईलवर ‘तात्काळ’ची चिठ्ठी लावू लागला. टेबलावरच्या सगळ्याच फायली तात्काळ झाल्यावर कारकून चिठ्ठी वाचणं सोडून देतो आणि आत तारीख शोधतो. “म्हणून,” ते म्हणाले, “तुझं ते ‘अतिअर्जंट’ आधी पुसून टाक. त्याच्या जागी तारीख घाल. चिठ्ठी सगळ्यांकडे असते, तारीख तुझी एकट्याची आहे.”

मग चौकशी सुरू झाली. ती त्यांच्या जुन्या नोकरीसारखीच होती, फक्त समोरचा माणूस उभा न राहता खुर्चीत बसला होता.

“लेबलं कधीपर्यंत हवीत?”

“लगेच!”

“लगेच नावाचा वार पंचांगात नाही.”

“आंबा थांबत नाही हो भाऊसाहेब. पिकला की दोन-तीन दिवसांत...”

“थांब. डबा भरायला लेबल लागतं?”

इथे मुलगा गडबडला. डबा गरम रसाने भरतात, सील करतात, उकळत्या पाण्यात ठरावीक वेळ ठेवतात, गार करतात. मग काही दिवस नुसता ठेवून तो फुगतो का ते पाहतात. लेबल त्यानंतर चिकटतं. आंबा थांबत नाही हे खरं; पण आंब्याचं लेबलावाचून काहीच अडत नव्हतं. अडत होता तो ट्रक. शुक्रवारी सकाळी मुंबईला माल निघणार होता, आणि कोऱ्या डब्यावर ना परवाना क्रमांक ना उत्पादनाची तारीख, तो दुकानात जाणार कसा?

“हेच लिही की,” भाऊसाहेब म्हणाले. “कोल्हापूरचा छापखाना दर मे महिन्यात कॅनिंगवाल्यांची लेबलं छापतो. आंबा नासतोय म्हणून लेबलं पाठवा, असं वाचलं की त्याला कळतं, हा घाबरवतोय. एकदा कारण खोटं वाटलं की तारीखही खोटी वाटते.”

पुढचा प्रश्न महत्त्वाचा निघाला. शुक्रवारच्या ट्रकात किती डबे जाणार? साधारण हजार. मग चार हजार लेबलांसाठी रडायचं कारण? छापखान्याला चार हजार एकदम काढणं जड जात असेल, हजार काढून देणं जमू शकतं. मागणी तीन-चतुर्थांशाने कमी झाली आणि तातडी तेवढीच राहिली. मुलाच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडा उजेड आला.

आता मुदत मागे मोजायची होती. शुक्रवारी सकाळी ट्रक, म्हणजे गुरुवारी दिवसभर चिकटवणं, म्हणजे बुधवारी संध्याकाळी पार्सल कोल्हापुरात गाडीवर चढायला हवं, रात्री आंबा घाट उतरून इथे. छापखान्याला कळवायची तारीख शुक्रवार नव्हे, बुधवार. मुलाने ‘शुक्रवारपर्यंत’ लिहिलं असतं, तर छापखान्याने शुक्रवारी पाठवलं असतं आणि शब्द पाळल्याच्या आनंदात दुपारची झोप काढली असती.

लाल पेन कागदावर टेकलं. विषय : ‘बुधवार सायं. 5 पर्यंत 1,000 लेबले हवीत – आमरस 3.1 किलो’. वार आणि आकडा पुढे, कारण मोबाईलच्या पडद्यावर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात. ‘आमरस’ तिथे कापला गेला तरी चालेल, ‘बुधवार’ कापला गेला तर संपलं. विषयात एकही उद्गारचिन्ह नाही. उद्गारचिन्ह म्हणजे पत्रात दात दाखवणं, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं वाक्य असं झालं : ‘शुक्रवारी सकाळी आमचा माल मुंबईला निघतो आहे, त्यासाठी 4,000 पैकी 1,000 लेबले बुधवारी सायंकाळी 5 पर्यंत रत्नागिरीच्या गाडीवर पार्सलने पाठवता येतील का?’

मुलाला ‘येतील का’ खटकलं. “‘पाठवावीत’ म्हणू या ना. जोर येतो.”

“जोर बुधवारात आहे. ‘पाठवावीत’ हा हुकूम झाला, आणि हुकूम द्यायला तो तुझा शिपाई नाही. प्रश्न विचारलास की त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. हुकमाला माणूस काहीच म्हणत नाही, गप्प बसतो.”

त्या नकाराचीही सोय त्यांनी दुसऱ्या वाक्यात केली : ‘जमणार नसेल तर कृपया आज दुपारी 3 पर्यंत कळवावे, म्हणजे आम्हाला मुंबईची गाडी पुढे ढकलता येईल.’ तिसरं वाक्य : ‘उरलेली 3,000 पुढील सोमवारपर्यंत आली तरी चालतील.’ ‘कृपया’ फक्त एकदा. दोनदा आलं की त्यात टोमणा ऐकू येतो, तीनदा आलं की शिवी.

“आणि ते तीन फोन?” मुलाने विचारलं. त्याचा राग त्या फोनांत होता आणि तो कुठेतरी घालायचाच होता.

“शेवटी घाल. ‘संदर्भ : आपले दूरध्वनीवरील बोलणे’ आणि तारखा. तू मोजलेस हे त्याला कळतं, तू रागावलास हे त्याला गृहीत धरावं लागतं. ‘आपण दाद देत नाही’ लिहिलंस की तो लेबलं बाजूला ठेवून स्वतःची बाजू मांडायला बसतो. ‘लेबले अद्याप मिळालेली नाहीत’ म्हण. कोणी पाठवली नाहीत, हे त्याला ठाऊक आहे.”

इथे भाऊसाहेबांच्या विद्येची हद्दही सांगितली पाहिजे. छापखान्यात कागदच नसेल, मशीनच बंद असेल, तर कुठलाही बुधवार लेबलं काढू शकत नाही. एवढंच होतं की ते मंगळवारी कळतं, शुक्रवारी नाही. आणि ज्याने मुद्दाम दाद द्यायची नाही असं ठरवलंय, त्याला ही भाषा चालत नाही. तिथे तो पहिला मसुदा, नोटिशीचा, घेऊन वकिलाकडेच जावं लागतं. भाऊसाहेब हे कबूल करतात, पण फार हळू आवाजात.

मेल गेली. अर्ध्या तासात उत्तर आलं : ‘हजार नग होतील. पण गाडीवर आणून द्यायला माणूस नाही, तुमचा पाठवा.’ मुलाचा कोल्हापुरात मेहुणा होता, काम झालं. आनंदाच्या भरात त्याने त्याच मेलला उत्तर टाकून उरलेल्या तीन हजारांची मागणी केली, आणि मोबाईल भाऊसाहेबांसमोर नाचवला.

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला, विषयाची ओळ पाहिली आणि लाल पेन उघडलं. वर अजून ‘बुधवार सायं. 5 पर्यंत 1,000 लेबले’ असंच होतं.

“मेल्या,” ते ओरडले, “सोमवारच्या लेबलांवर बुधवार लावून पाठवलास? नवी मागणी, नवा विषय! लिही परत.”