एक्कावन्न पाऊस आणि एक बांधी

पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. वाहन बेडूक असलं की पाऊस पडणार, गाढव असलं की फारशी आशा नको. बेडकाच्या दोन्ही बाजूंना फिकट निळा रंग देऊन 'बहुधा बेडूक, क्वचित उंदीर किंवा म्हैसही संभवते' असं कुठलंच पंचांग छापत नाही. त्यामुळे हल्ली मोबाइलवर दिसणारा पावसाच्या अंदाजाचा आलेख पहिल्यांदा बघणाऱ्याला एखाद्या कच्च्या ज्योतिषाचं काम वाटतो. मधून एक गडद रेघ जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना एक फिकट पट्टा असतो. आजच्या तारखेपाशी तो दोऱ्याएवढा बारीक, आणि पुढे आठवड्याभरात रोवणीच्या बांधीएवढा रुंद.

गोंदिया जिल्ह्यात हा आलेख जुलैत निरखून बघितला जातो. पऱ्हे एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले की उपटून चिखल केलेल्या बांधीत रोवायचे असतात, आणि बांधीत पाणी साचल्याशिवाय चिखल होत नाही. पऱ्हे नुसतेच वाढत राहिले तर पुढे धानाला फुटवे कमी येतात. ज्याच्या शेताला इटियाडोहचा कालवा किंवा मामा तलाव आहे, तो निवांत असतो. उरलेले मोबाइलकडे बघतात.

आमच्या शेजारचे काका त्यातलेच. रुंद झालेला पट्टा पाहून ते म्हणाले, "बापरे, पुढल्या आठवड्यात पूर येते जी." पट्टा रुंद, म्हणजे पाऊस जास्त, असं त्यांचं सरळ गणित. वाईट नाही, पण पट्टा पाऊस मोजतच नाही. तो मतभेद मोजतो.

मतभेद कुणाचे, तर एकाच संगणकाचे स्वतःशी. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या युरोपीय हवामान केंद्रात 1992 पासून हा उद्योग चालतो. आजच्या हवेची मोजमापं घेऊन पुढचे दिवस एकदाच मोजायचे नाहीत. आता तिथे ते एक्कावन्न वेळा मोजतात. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 2018 मध्ये अशीच एकवीस गणितांची व्यवस्था उभी केली. दर वेळी सुरुवातीची मोजमापं किंचित इकडेतिकडे करतात, कारण ती मुळातच तेवढी चुकलेली असू शकतात. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, हे एडवर्ड लॉरेंझ यांना 1961 मध्ये दिसलं होतं. संगणकात 0.506127 ऐवजी त्यांनी 0.506 भरलं, आणि थोड्या काळाने हवामान ओळखू न येण्याइतकं वेगळं निघालं.

तर एका दिवसाचे एक्कावन्न पाऊस लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावायचे, खालचे पाच आणि वरचे पाच वगळायचे, उरलेल्या एक्केचाळिसांचा पट्टा रंगवायचा. हा झाला ऐंशी टक्क्यांचा पट्टा. काही आलेखांत तो पन्नास टक्क्यांचाच असतो, म्हणून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचावी. ऐंशीच्या पट्ट्याबाहेर दहातले दोन दिवस पडायलाच हवेत. त्या दोन दिवसांसाठी हवामानवाल्यांना शिव्या घालणं अन्यायाचं आहे, अर्थात त्यामुळे कोणी थांबत नाही.

मधल्या रेघेवर मात्र माझा राग आहे. काकांनी बघितलेल्या आलेखामागचं चित्र असं समजा: जुलैच्या मध्यावर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय आणि ते ओडिशावरून आपल्याकडे यायचं आहे. ते रायपूर-बालाघाटकडून गेलं, तर गोंदिया त्याच्या नैर्ऋत्येला येतं, आणि अशा प्रणालीचा सगळ्यात जोरदार पाऊस सहसा त्याच बाजूला असतो. ते बस्तरकडून खाली सरकलं, तर आपल्या वाट्याला ढग, वारा आणि भुरभुर. आता एक्कावन्नपैकी अकरा गणितं त्याला बस्तरला पाठवतात. चाळीस आपल्याकडे आणतात, पण दहा गुरुवारी, दहा शुक्रवारी, दहा शनिवारी आणि दहा रविवारी. येईल त्या दिवशी सत्तर मिलिमीटर, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत मुसळधार; बाकीच्या दिवशी, आणि बस्तरच्या अकरांत चारही दिवस, चार-चार.

याचा आलेख काढला की गंमत होते. कुठल्याही एका दिवशी एक्कावन्नातले एक्केचाळीस जण चार मिलिमीटरच सांगतात, म्हणून मधली रेघ चारही दिवस चारवर. बघणाऱ्याला वाटतं, चार दिवस भुरभुर. बेरीज सोळा मिलिमीटर, चिखलाला पुरायची नाही. पट्ट्याची वरची कड मात्र रोज सत्तरवर. काकांनी ती चार दिवस बेरजेत धरली, दोनशे ऐंशी मिलिमीटर, आणि त्यांचा पूर आला. प्रत्यक्षात दोनशे ऐंशी एकाही गणितात नाही. चाळीस गणितांत चार दिवसांची बेरीज ब्याऐंशी येते, अकरांत सोळा. सोळाही नाही आणि ब्याऐंशीही नाही, असं मधलं काही कुणीच सांगत नाही. रोजचे पट्टे सुटे सुटे काढलेले असतात. गुरुवारी वरच्या कडेला असणारा शुक्रवारी खाली असतो, हे त्यांत दिसत नाही.

म्हणून रोवणीसाठी रोजच्या पावसाचा आलेख बघूच नये. साठत जाणाऱ्या एकूण पावसाचा बघावा. युरिया टाकायचा असेल तर प्रश्न उलटा: पुढच्या दोन दिवसांत धुऊन नेणारा पाऊस किती जण सांगतात? इथे गुरुवार-शुक्रवार मिळून वीस. एक्कावन्नातले वीस हे युरियाच्या पोत्याला बरेच झाले.

पट्टा कायम फुगतही नाही. साधारण दोन आठवड्यांनी तो थांबतो, कारण तोवर तो एरवीच्या जुलैइतका रुंद झालेला असतो. पुढे आलेख एवढंच सांगतो की जुलै आहे. शिवाय गणित दहा-बारा किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी काढतं. गोरेगावच्या एका टोकाला धो धो आणि दुसऱ्या टोकाला कोरडं, हे त्या पट्ट्याच्या ध्यानीमनी नसतं. म्हणून पट्टा खरा की फुशारकी, ते वहीत लिहून तपासावं. पाच दिवस आधीचा पट्टा आणि नंतर मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा. चाळीस नोंदींत आठेक बाहेर पडल्या तर ठीक. वीस पडल्या तर पट्टा फाजील आत्मविश्वासाचा. एकही पडली नाही तर तो इतका ढगळ की काही सांगतच नाही. तपासताना एक खोडी लक्षात ठेवावी. आपला पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात, आणि परदेशी आलेखातला दिवस बहुधा आपल्या पहाटे साडेपाचला उजाडतो. पहाटेनंतर कोसळलेली सर चुकीच्या तारखेला जमा होते आणि बिचारा पट्टा फुकट नापास होतो.

काकांनी हे सगळं ऐकलं. मग विचारलं, "एकूण पाणी होते म्हणणारे किती?"

"चाळीस."

"आणि वार?"

वार कुणालाच माहीत नव्हता. रोवणीच्या बायांना मात्र वारच लागतो. 'गुरुवार ते रविवार, ऐंशी टक्के' असा निरोप धाडला तर त्या दुसऱ्याच्या बांधीत जातील. शेवटी काकांनी सांगून टाकलं, पाणी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी या. अडचण एवढीच की गावातल्या प्रत्येकाने त्या बायांना नेमका तोच दिवस सांगून ठेवला होता, आणि त्या दिवसाची मजुरी आताच वाढली होती.