तारीखकाका

परभणीच्या जुन्या गल्ल्यांत ओट्यावर कॅलेंडर टांगून, कानावर पेन्सिल खोचून बसलेला निवृत्त माणूस दिसला, की समजावं, हे इथले तारीखकाका. आमचे काका जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक होते. हयात पाण्याच्या पाळ्या लावण्यात गेली. मग लोकांचे डोस हाती आले.

२०२१च्या एप्रिलात पंचेचाळीशीच्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली आणि काकांची सुगी आली. निम्म्या गल्लीनं सोमवारी, ५ एप्रिलला कोविशील्ड टोचून घेतली. दुसरा डोस सहा ते आठ आठवड्यांनी. काकांनी सहा साती बेचाळीस करून जाहीर केलं, "१७ मे!"

सहा आठवडे म्हणजे दीड महिना, म्हणजे २० मे, असं म्हणणाऱ्याला काका ओट्यावर टेकू देत नसत. "महिन्याचा काय भरवसा? कधी तिसाचा, कधी एकतिसाचा. आठवडा साताचाच!" शेजारच्या आजी मात्र सुईचा दिवसच पहिला धरायच्या, म्हणून त्यांची तारीख रविवारी पडायची.

"आजी, सोमवारी टोचलं तर आठवडे सोमवारीच भरतात. वार बदलला की हिशोब चुकला. सुईचा दिवस शून्य धरा."

"शून्य कामून? दंड तर आजच दुखायलाय!"

१३ मे रोजी सरकारनं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं. सोमवारी केंद्रावरून परतवलेली गल्ली थेट ओट्यावर आली. काका सरकारबद्दल जे बोलले ते छापण्याजोगं नाही. मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. लोकांना वाटलं, १७ मेपासून पुढं बारा आठवडे. तर नाही, मोजायचं पुन्हा पहिल्या सुईपासूनच. बारा साती चौऱ्याऐंशी. एप्रिलचे उरलेले २५, मेचे ३१, झाले ५६. राहिले २८, ते जूनचे. २८ जून. वार? सोमवार! काकांनी असं पाहिलं, जसं कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलंय.

आजी २७ लाच जाऊन आल्या. संगणक त्यांचं नाव घेईना.

"एका दिवसानं काय होतंय?"

"घाई चालत न्हाई आजी. उशीर चालतो, पार २६ जुलैपर्यंत."

आजींनी ती सवलत पुरेपूर वापरली. २६ जुलैलाच गेल्या.

पुढं जानेवारी २०२२ मध्ये साठीच्या पुढच्या आजारी माणसांसाठी तिसरा डोस आला: दुसऱ्यानंतर नऊ महिने, म्हणजे ३९ आठवडे. मधुमेहवाले शेजारी सहज म्हणाले, "माझा दुसरा २८ जूनचा. मग २८ मार्च ना?" काकांना चेव आला. ३९ साती २७३. पेन्सिल जून, जुलै, ऑगस्ट करत फेब्रुवारीच्या अठ्ठावीस दिवसांतून पलीकडं गेली आणि मार्चात थांबली. २८ तारीख, सोमवार.

काकांनी तीनदा मोजलं. मग शेजाऱ्यांना म्हणाले, "तुमचं बरोबर आलं, पण रीत चुकीची हाय."