उरले सोळा हजार!

या वर्षी आयकर विवरणपत्र मी स्वतःच भरणार, असं जाहीर केलं तेव्हा घरात कुणी हसलं नाही, आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. काम तसं सोपं वाटतं हो! वर्षाचा एकूण कर काढायचा, त्यातून कापला गेलेला टीडीएस आणि आधी भरलेला अग्रिम कर वजा करायचा, उरेल तो भरून टाकायचा.

आर्थिक वर्ष 2024-25, नवी करप्रणाली. पासबुक मांडीवर घेऊन मुदत ठेवींचं व्याज जमवलं, ते भरलं 1,80,000. बायको शेंगा सोलता सोलता म्हणाली, "अहो, बँकेनं कापलेले वीस हजार यात कुठे आहेत?" ते मी टीडीएस म्हणून वजा तर करत होतो, पण उत्पन्नात धरतच नव्हतो, म्हणजे लाडू खाऊन तोच पुन्हा डब्यातही मोजत होतो. एआयएस उघडलं, तिथे व्याज पूर्ण 2,00,000 होतं. बँक कापते दहा टक्के, मी बसतो वीस टक्क्यांच्या टप्प्यात, वर उपकर. आणि या ठेवींबद्दल ऑफिसात मी चकार शब्द काढलेला नव्हता.

आता एकूण कर आला 1,42,000. ऑफिसनं कापले 1,00,400, बँकेनं 20,000, म्हणजे उरले 21,600. मार्चच्या सुरुवातीला अंदाजपंचे 5,600 अग्रिम कर भरला होता. उरले 16,000. पोर्टलवर निर्धारण वर्ष 2025-26 निवडलं, 'स्वयंनिर्धारण कर, 300' या रकान्यावर खूण केली, सोळा हजार भरले आणि चहा मागवला.

चलनाचा तपशील विवरणपत्रात टाकला, तर बाकी 1,670! मी चलन पुन्हा टाकलं, पान पुन्हा उघडलं, चष्मा पुसला, इंटरनेटवाल्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले, शेवटी शेजारच्या इंजिनिअर पोराला हाक मारणार, इतक्यात बायकोनं पडद्यावर शेंगेचं टरफल ठेवलं. खाली 'व्याज' लिहिलं होतं.

टीडीएस वजा करून कर दहा हजार किंवा त्याहून जास्त उरत असेल, तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा हप्त्यांत भरायचा असतो. मी पहिले तीन हप्ते खुशाल बुडवले, चौथ्यातही हात आखडला. त्याचं 234सी खाली व्याज 1,033 झालं. शिवाय अग्रिम कर 21,600 च्या नव्वद टक्क्यांहून कमी पडला, म्हणून उरलेल्या सोळा हजारांवर 234बी खाली एप्रिलपासून महिना एक टक्का, जुलैपर्यंत 640. गंमत अशी की भरलेल्या पैशांतून आधी व्याज वळतं होतं, मग कर. म्हणजे माझ्या सोळा हजारांतून व्याज निघून गेलं आणि कर तेवढाच मागे राहिला. भरायचे होते 17,670.

तेव्हा वजाबाकी झाली की लगेच पैसे भरू नका, व्याजाची ओळ आधी वाचा. आणि भरायचं ते जुलै संपायच्या आत भरा. एक ऑगस्ट उजाडला की एका दिवसासाठीही पूर्ण महिन्याचा टक्का लागतो.